उजेड न देणारा दिवा

घराचा ताबा मिळण्याच्या कितीतरी आधी बिल्डरच्या माहितीपत्रकात त्या घराची बैठकीची खोली दिसते. खिडकीतून सकाळचा उजेड आलेला असतो, फरशीवर त्याची झिलई असते, सोफ्यामागे मऊ सावली पडलेली असते. हे छायाचित्र नसते. संगणकात रचलेल्या खोलीत प्रकाश कसा फिरेल याचा हिशेब करून काढलेले ते चित्र असते, म्हणजेच रेंडर. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम घरबसल्या करता येते. पण नवशिक्याने पहिली खोली रेंडर केली की बहुतेक वेळा तिच्या भिंतींवर वाळू भुरभुरल्यासारखे कण दिसतात आणि मध्येच कुठेतरी पांढरेशुभ्र ठिपके चमकतात. कणांना नॉइज म्हणतात, ठिपक्यांना फायरफ्लाय, म्हणजे काजवे. उघड्यावर ठेवलेली मोटार किंवा झाड तोच संगणक झटक्यात स्वच्छ काढतो. खोलीतच घोडे अडते, आणि त्याचे कारण खिडकीच्या आकारात आहे.

ब्लेंडरमधले सायकल्स हे रेंडर इंजिन प्रकाशाचा माग उलट्या दिशेने काढते. कॅमेऱ्यातून एक किरण निघतो आणि समजा फरशीच्या एका बिंदूवर आदळतो. तिथे सायकल्स दोन गोष्टी करते. एक किरण ती प्रकाशाच्या उगमाकडे सोडून वाट मोकळी आहे का ते तपासते आणि दुसरा किरण पृष्ठभागावरून उसळवून पुढे पाठवते. तो पुढे भिंतीवर आदळला की तिथेही हेच. असा एक पूर्ण प्रवास म्हणजे एक सॅम्पल. प्रत्येक पिक्सेलसाठी अशी शेकडो सॅम्पल घेऊन त्यांची सरासरी काढली जाते.

दिवसाच्या चित्रात प्रकाशाचा उगम म्हणजे आकाश, आणि ब्लेंडरमध्ये आकाश म्हणजे सगळ्या देखाव्याभोवतीचा एक प्रचंड गोल. मैदानात उभ्या असलेल्या मोटारीवरून कुठल्याही वरच्या दिशेला किरण सोडला तरी तो आकाशाला भिडतो. खोलीत मात्र भिंती आणि छत आडवे येतात.

किती आडवे येतात, ते मोजून पाहू. खिडकी १.२ मीटर रुंद आणि तेवढीच उंच, खालची कड जमिनीपासून ०.९ मीटरवर. म्हणजे तिचा मध्य दीड मीटर उंचीवर आला. खिडकीच्या भिंतीपासून बरोबर समोर ३ मीटर आत, फरशीवरचा एक बिंदू घ्या. त्या बिंदूवरून वर पाहिले तर डोक्यावरच्या अर्धगोलाचा जेमतेम पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भाग खिडकीने व्यापलेला दिसतो. आकाश सगळीकडे सारखे असेल तर त्याच्याकडे सोडलेल्या सुमारे ५५ किरणांपैकी एकच खिडकीतून बाहेर पडतो, बाकीचे भिंतीला किंवा छताला धडकून वाया जातात. आता ६४ सॅम्पलचे चित्र काढले तर एका पिक्सेलच्या वाट्याला खिडकी एकदा येईल, शेजारच्याला तीनदा आणि त्याच्या शेजारच्याला एकदाही नाही. दोन्ही पिक्सेल एकाच फरशीचे, पण एक काळा आणि एक उजळ. वाळू दिसते ती हीच. सॅम्पल वाढवणे हा सरधोपट उपाय आहे खरा, पण नॉइज निम्मा करायला सॅम्पल चौपट लागतात. म्हणजे एका तासाचे काम चार तासांवर जाते आणि आणखी निम्मा करायचा तर सोळा तासांवर.

यावरचा नेमका उपाय २०१५ साली ब्लेंडर २.७५ मध्ये आला, तो म्हणजे लाइट पोर्टल. दिसायला तो एक दिवा आहे, पण स्वतः उजेड देत नाही. आकाश शोधायचे असेल तर या चौकोनातून शोध, एवढेच तो सायकल्सला सांगतो. वरच्या उदाहरणात ५५ पैकी एक नेम लागत होता. पोर्टल बसवल्यावर त्याच्या रोखाने सोडलेला जवळपास प्रत्येक किरण उघड्या आकाशाला भिडतो. किरण फरशीवरून निघो, छतावरून निघो की दोनदा उसळल्यानंतर कपाटाच्या बाजूवरून, प्रत्येक टप्प्यावर हाच फायदा मिळतो.

बसवायला तो सोपा आहे. Area प्रकारचा लाइट घ्यायचा, त्याचा आकार Rectangle करायचा आणि मापे खिडकीइतकी द्यायची. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे १.२ मीटर. मग लाइटच्या गुणधर्मांत Portal वर खूण करायची. हा पर्याय सायकल्स निवडलेले असतानाच कामाचा. ईव्ही या दुसऱ्या इंजिनला पोर्टल समजत नाही. अट एकच: दिव्याचे तोंड खोलीच्या आत हवे. उलटा बसवलेला पोर्टल आतल्या बिंदूंच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. चूक झाल्याचा संदेश कुठेही येत नाही, चित्र फक्त आधीइतकेच खरखरीत राहते. ‘पोर्टलने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार ऐकली की मी आधी दिव्यातून निघणारी दिशादर्शक रेघ कुठे वळली आहे ते पाहायला सांगतो.

जागेचाही थोडा विचार करावा. भिंत नऊ इंची असेल तर पोर्टल तिच्या बाहेरच्या कडेला लावावा, म्हणजे खिडकीच्या खाचेतल्या बाजूच्या पट्ट्याही त्याच्या समोर येतात. आतल्या कडेला लावला तर त्या पट्ट्या त्याच्या पाठीमागे जातात आणि नेमक्या तिथेच कण उरतात. चौकोन खिडकीपेक्षा मोठा झाला तर जादा भागाकडे सोडलेले किरण भिंतीला धडकून फुकट जातात. लहान झाला किंवा एखादी खिडकी राहून गेली तर तिथला उजेड हरवत नाही, कारण सायकल्स जुन्या पद्धतीनेही शोधत राहते. फक्त तेवढ्या उजेडाची खरखर कायम राहते. लोखंडी ग्रिलच्या किंवा झडपांच्या प्रत्येक फटीला वेगळा पोर्टल लावू नये. पूर्ण खिडकीला एकच लावावा आणि थोडे किरण गजांवर आदळतील हे मान्य करावे.

यानंतर येते काच. पोर्टल बरोबर बसवूनही निराशा होते ती बहुधा हिच्यामुळे. वाट मोकळी आहे का हे तपासणारा किरण सरळ रेषेत जातो, आणि सायकल्सच्या Glass शेडरमध्ये प्रकाश वाकतो. म्हणून त्या किरणाला काच भिंतीसारखीच अपारदर्शक वाटते. पोर्टल काचेच्या आत ठेवला काय आणि बाहेर ठेवला काय, तपासणीचा किरण काचेपाशीच मरतो आणि उसळलेला एखादा किरण योगायोगाने बाहेर पडेल त्यावरच सगळी भिस्त राहते. प्रतिबिंब दिसण्याची गरज नसेल तर सरळ तावदान काढून टाका. चित्र पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. काच हवीच असेल तर Glass आणि Transparent हे दोन शेडर Mix Shader मध्ये जोडा आणि Light Path नोडमधल्या Is Shadow Ray ने त्यांची निवड होऊ द्या. मग कॅमेऱ्याला काच दिसते आणि तपासणीच्या किरणाला मोकळी वाट मिळते. पातळ पडद्याचेही तसेच आहे. पडदा Translucent शेडरचा असेल तर पोर्टल पडदा उजळवायला मदत करील, पण त्याच्या अलीकडच्या खोलीसाठी त्याचा थेट उपयोग नाही.

काजव्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. क्वचितच सापडणारी वाट सापडली की सायकल्स तिला तिच्या दुर्मीळपणाच्या प्रमाणात जास्त वजन देते, कारण सरासरी खरी यायची तर हजारात एकदा लागलेल्या नेमाने उरलेल्या ९९९ चुकांची भरपाई करायला हवी. छताजवळचा एक फुटाचा झरोका घ्या. तीन मीटरवरून तो अर्धगोलाचा साधारण एक हजारांश भाग व्यापतो. मागे झगझगीत ढग असेल तर ज्या पिक्सेलला तो सापडला तो पेटतो आणि बाकीचे काळे राहतात. अशा झरोक्याला पोर्टल लावला की नेम वारंवार लागतो, प्रत्येक नेमाचे वजन उतरते आणि ठिपके विरतात. लहान भोकांसाठी पोर्टल विसरू नये तो यासाठी.

पण सूर्यापासून आलेले काजवे पोर्टलने जात नाहीत, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. आकाशासाठी वापरलेल्या एचडीआरआय छायाचित्रात निळ्या भागाचे मूल्य एकच्या आसपास असेल तर सूर्याच्या पिक्सेलचे वीस हजारही असू शकते. भिंतीवरून उसळलेला एखादा किरण स्टीलच्या भांड्यावर आदळून नेमका त्या सूर्यावर गेला, तर ६४ सॅम्पलच्या सरासरीतही तो एकटा पिक्सेलला तीनशेच्या वर नेतो. पडद्यावर पांढरा दिसायला एक पुरे असतो. ४०९६ सॅम्पलनंतरही तो जवळपास पाच उरतो, म्हणजे पांढराच. पोर्टल खिडकीच्या चौकोनात सगळ्या दिशा सारख्याच धरतो, त्यातली कुठली जास्त तेजस्वी आहे हे तो पाहत नाही. त्यामुळे ढगाळ आकाशाचे किंवा सूर्य झाकलेला असतानाचे एचडीआरआय घ्यावे आणि ऊन वेगळ्या Sun लाइटने आणावे हे उत्तम. त्यानंतरही उरलेल्या ठिपक्यांसाठी Clamp मधला Indirect Light आहे. त्याचे मूल्य मुळातच १० ठेवलेले असते. ते तीन-चारपर्यंत उतरवले की काजवे जातात, पण त्यांच्याबरोबर खोलीतला थोडा खरा उजेडही कापला जातो.

पोर्टलची आणखी एक मर्यादा सांगायला हवी. फरशीवर उन्हाचा कवडसा पडला आणि त्याच्या परतलेल्या उजेडाने छत उजळले, तर त्या खोलीचा मोठा दिवा खिडकी नसून तो कवडसा असतो. पोर्टलला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी ब्लेंडर ३.४ पासून असलेले Path Guiding मदत करते, कारण उजेड कुठून येतो हे ते रेंडर होत असताना शिकत जाते. ते ग्राफिक्स कार्डावर चालत नाही, मुख्य प्रोसेसरवरच चालते, ही त्याची मोठी गैरसोय.

पोर्टल खरोखर काम करतो का, हे डोळ्यांनी तपासता येते. डीनॉइझ आणि Noise Threshold दोन्ही बंद करा, Clamp शून्यावर आणा, Seed तोच ठेवा आणि ६४ सॅम्पलवर दोन चित्रे काढा, एक पोर्टलसह आणि एक त्याच्याशिवाय. दोन्हींची एकूण उजळता सारखी आली पाहिजे, कारण पोर्टल उजेड वाढवत नाही. पोर्टलचे चित्र स्पष्टपणे जास्त उजळ आले तर Portal वरची खूण राहून गेली आहे आणि तो साधा दिवा म्हणून जळतो आहे. Clamp चालू ठेवून तुलना केली तर मात्र किंचित फरक रास्त आहे, कारण पोर्टल नसताना जास्त वजनाची सॅम्पल कापली जात असतात. दोन्ही चित्रांना लागलेला वेळही लिहून ठेवा. पोर्टलमुळे प्रत्येक सॅम्पल थोडे हळू होते, त्यामुळे खरी तुलना सारख्या सॅम्पलची नसून सारख्या वेळेची आहे.

त्या कसोटीवर एक-दोन खिडक्यांची खोल बैठक किंवा झरोक्याचे न्हाणीघर असेल तर पोर्टल जवळजवळ नेहमीच जिंकतो. तीन बाजूंनी उघडी गच्ची, काचेचा व्हरांडा किंवा घराचे बाहेरून घेतलेले चित्र असेल तर बहुतेक किरण तसेही आकाशाला भिडतात. तिथे पोर्टल वेळ खातो आणि बदल्यात काही देत नाही. तो काढून टाकावा.