पैसे शब्दांचे, वेळ दुरुस्त्यांचा

भाषांतराचे पैसे शब्दांवर ठरतात, वेळ मात्र शब्दांपलीकडेही जातो. किती जातो, हे महिनाभर नोंद ठेवली की कळतं. घरून काम करणाऱ्या एका भाषांतरकाराचं नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. महिन्यात तिच्याकडे तीन कामं आहेत: प्रकाशकाचं पुस्तक ३०,००० रुपयांचं, औषध कंपनीची संमतिपत्रं १६,००० रुपयांची आणि जाहिरात संस्थेच्या छोट्या ओळी ६,००० रुपयांच्या. रकमा पाहून कुणीही म्हणेल, पुस्तकच परवडतं.

नोंदीची पद्धत साधी आहे. काम बदललं की त्याच क्षणी वेळ लिहायची आणि पुढे तीन गोष्टी टिपायच्या: कुणाचं काम, त्यातलं नेमकं काय (मूळ भाषांतर, दुरुस्ती, फोन) आणि किती मिनिटं. वही चालते, एक्सेल चालतं, टॉगल किंवा क्लॉकिफायसारखं ॲपही चालतं. रात्री आठवून लिहिलं तर आकडे गुळगुळीत होतात. सगळ्या नोंदी एक तास, दोन तास अशा दिसल्या, की त्या अंदाजाने भरल्या आहेत असं समजावं.

महिनाअखेरीस पुस्तकाला १२० तास गेलेले दिसतात, संमतिपत्रांना ३२ आणि जाहिरातीच्या ओळींना ३०. म्हणजे तासाला अनुक्रमे २५० रुपये, ५०० रुपये आणि २०० रुपये. कोटेशन, बिलं, ईमेल यांचे २६ तास कुठल्याच कामाच्या खात्यात नाहीत. तेही धरले तर एकूण २०८ तासांत ५२,००० रुपये, तासाला सरासरी २५०.

पण एवढ्यावर जाहिरातीचं काम सोडून देणं घाईचं ठरेल. तिसऱ्या रकान्यात खरं कारण सापडतं. ३० तासांपैकी लिहिण्यात गेले फक्त ९. उरलेले २१ फोनवर आणि पुन्हा पुन्हा बदललेल्या मजकुरावर गेले, कारण किती वेळा बदल करून द्यायचा हे आधी ठरलंच नव्हतं. पुढच्या वेळी दोन फेऱ्या दरात धरून तिसरीपासून वेगळे पैसे सांगितले आणि एकूण वेळ १५ तासांवर आला, तर तोच ६,०००चा मोबदला तासाला ४०० रुपये पडतो. दर वाढवावा लागत नाही.

पुस्तकाच्या १२० तासांतले २५ संपादकाने सुचवलेल्या शब्दबदलांत गेले. पहिल्या प्रकरणानंतरच परिभाषा एकमेकांना दाखवून पक्की केली, तर यातले बरेच तास वाचू शकतात.

या हिशेबाला मर्यादाही आहेत. प्रकाशकाचा चेक उशिरा येतो, म्हणून जमा झालेली रक्कम न धरता त्या महिन्यात केलेल्या कामाची रक्कम धरावी. नव्या विषयाच्या पहिल्या कामात शिकण्याचे तास मिसळलेले असतात, ते वेगळे टिपावेत. आणि संमतिपत्रांचं काम दर महिन्याला येईलच असं नाही. त्यामुळे तासाला ५०० मिळतात म्हणून पुस्तक नाकारण्याआधी, वर्षभरात अशी किती संमतिपत्रं आली हे जुन्या बिलांवरून पाहावं लागतं.