मंडळीचा उपास : का आणि कसा



लेंतच्या दिवसांत आपल्या मंडळीत शुक्रवारी उपास होतो. एकट्याने धरलेला उपास आणि मंडळीने धरलेला उपास यांत फरक काय, असे मला तरुण मंडळी विचारतात. प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करते आणि मग बर्णबा व शौल यांना सेवेसाठी रवाना करते. म्हणजे त्या उपासाला एक काम होते, आणि ते सर्वांचे होते. म्हणून आम्हीही प्रत्येक शुक्रवारी एकच विषय ठरवतो.

पद्धत साधी आहे. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण सोडायचे, पाणी मात्र पीत राहायचे. संभाजीनगरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी सोडणे हा निव्वळ अविचार आहे. संध्याकाळी प्रार्थनेनंतर पेज किंवा वरणभात थोडा खावा. रिकाम्या पोटी तळलेली भजी आणि कडक चहा घेतला की पित्त उसळते. साबुदाण्याची खिचडी दुप्पट खाऊन ‘उपास’ म्हणणे आपल्याकडे जुनेच आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

वाचलेल्या जेवणाचे काय करायचे? दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात सांगितले आहे की, न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजून ती विधवा, अनाथ किंवा गरजूला द्यावी. आपण तेच करावे. चौघांच्या घरात दुपारसाठी अर्धा किलो ज्वारीचे पीठ आणि वाटीभर तूरडाळ लागत असेल, तर तेवढे पीठ आणि डाळ सकाळीच वेगळी बांधून ठेवावी. रात्री ती परत स्वयंपाकात गेली, तर आपण फक्त जेवणाची वेळ बदलली.

पुडीवर नाव नको. मत्तय 6 मध्ये येशू तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून उपास करायला सांगतो, तो कोणाला कळू नये म्हणून. त्यामुळे ‘आज कोणाकोणाचा उपास आहे, हात वर करा’ असे उपासनेत विचारू नये, आणि व्हॉट्सअॅपवर फोटोही नकोत. हात वर न करणाऱ्यांत गरोदर बहीण असते, औषधावर असलेले आजोबा असतात.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, मुले, आजारी माणसे यांनी जेवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. कोणाला दरदरून घाम, थरथर, भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, तर शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि उपास तिथेच सोडावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे.

आणि कन्नड, सोयगावकडच्या पाड्यांवरील मजूर भावंडांना उपास सांगू नका. यशया 58 मध्ये देवाची तक्रारच ही आहे की, उपासाच्या दिवशीही मालक मजुरांना राबवून घेतात. ज्याला उद्या ऊस तोडायचा आहे, त्याच्याकडे आपली पुडी जावी.