६० हर्ट्झचा अॅम्प्लिफायर ५० हर्ट्झवर

अमेरिकेत काही वर्षं राहून परतलेली माणसं सामानातून तिकडची एखादी लाडकी वस्तू घेऊन येतात. जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर ही त्यातली नेहमीची. त्याच्या पाठीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट, म्हणून बाजारातून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला जातो. मल्टिमीटर १२० व्होल्ट दाखवतो, गाणंही लागतं. पण तासाभरात अॅम्प्लिफायरची पेटी हात ठेववत नाही इतकी तापते. आवाज शून्यावर आणला तरी ती तापतच राहते आणि स्पीकरमधून घुमल्यासारखी घरघर येत राहते. दोष बहुतेक वेळा त्या नव्या स्टेप-डाउनच्या माथी मारला जातो. तो मात्र आपलं काम चोख करत असतो.

त्याचं काम आधी पाहू. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीवर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. समजा, भिंतीकडच्या प्रायमरीत ४६० वेढे आहेत आणि अॅम्प्लिफायरकडच्या सेकंडरीत २४०. प्रायमरीला २३० व्होल्ट दिले की गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा एका दिशेने वाढून, ओसरून, उलट दिशेला जाऊन परत येतं. हे बदलतं चुंबकत्व दोन्ही गुंडाळ्यांच्या प्रत्येक वेढ्यातून सारखंच जातं, त्यामुळे प्रत्येक वेढ्यात सारखाच, इथे अर्धा व्होल्ट, तयार होतो. २४० वेढ्यांचे १२० व्होल्ट होतात ते असे.

करंटचा हिशेब याच्या उलटा चालतो. अॅम्प्लिफायरने १२० व्होल्टवर २ अँपिअर घेतले, तर प्रायमरी भिंतीतून साधारण १.०४ अँपिअर ओढते. २४० ला २ ने गुणा, ४८० येतात. ४६० ला १.०४ ने गुणा, जवळजवळ तेवढेच येतात. व्होल्टेज कमी झालं त्याच प्रमाणात करंट वाढला, शक्ती दोन्हीकडे २४० वॉटच राहिली. किरकोळ गळती मी इथे सोडून दिली आहे.

हे दोन ४८० एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात. सेकंडरीतला करंट गाभ्याला जेवढा एका बाजूला ढकलतो, तेवढंच प्रायमरीतला वाढीव करंट त्याला दुसऱ्या बाजूला ढकलतो. म्हणून लोड कितीही वाढवला तरी गाभ्यातलं चुंबकत्व वाढत नाही. तारेतल्या व्होल्टेज-घटीमुळे ते उलट किंचित कमीच होतं. ‘जास्त लोड टाकला म्हणून कोअर सॅच्युरेट झाला’ हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात सर्रास कानावर पडतं, पण ते चूक आहे. जास्त लोडने तांबं तापतं. साध्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट होतो तो इतर कारणांनी: व्होल्टेज जास्त, फ्रिक्वेन्सी कमी, किंवा वेढ्यांतून चुकून वाहणारा डीसी.

आपल्या अॅम्प्लिफायरच्या बाबतीत फ्रिक्वेन्सी नडते. त्याच्या पेटीत त्याचा स्वतःचा एक ट्रान्सफॉर्मर आहे, आणि स्टेप-डाउनने व्होल्टेज बदललं तरी फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झवर व्होल्टेजचा प्रत्येक अर्धा फेरा ८.३ मिलिसेकंद टिकतो, ५० हर्ट्झवर १०. तेवढा जास्त वेळ व्होल्टेज गाभ्याला एकाच दिशेने ढकलत राहतं, आणि चुंबकत्वाचं टोक २० टक्क्यांनी वर जातं. कारखान्यात ते १.४ टेस्ला धरलं असेल, तर आपल्याकडे १.६८ होतं. रात्री लाइनचं व्होल्टेज दहा टक्के चढलं की १.८५.

पोलादाला हे झेपत नाही. त्याच्या आत सूक्ष्म चुंबकी क्षेत्रं असतात. बाहेरून थोडा करंट मिळाला की ती एका दिशेला वळतात, आणि म्हणूनच थोड्या करंटमध्ये भरपूर चुंबकत्व मिळतं. साध्या पत्र्यांच्या गाभ्यात साधारण दीड टेस्लापर्यंत बरीचशी क्षेत्रं वळलेली असतात. दोन टेस्लाच्या आसपास वळायला जवळजवळ काहीच उरत नाही. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. त्यापुढे गाभा असून नसल्यासारखा होतो, आणि थोडं जास्त चुंबकत्व मिळवायलाही अनेक पट करंट लागतो. व्होल्टेज तर तेवढं चुंबकत्व मागतच असतं, म्हणून प्रायमरी तो करंट भिंतीतून ओढते. यातला बराचसा करंट स्पीकरसाठी नसतो, म्हणून आवाज शून्यावर नेऊनही काही फरक पडत नाही.

तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा करंट सहापट झाला, तर तारेत त्याने होणारी उष्णता छत्तीसपट होते. शिवाय भरलेल्या गाभ्यात न मावणारं चुंबकत्व बाहेर सांडतं आणि जवळच्या लोखंडी चेसिसमध्ये, स्क्रूंमध्ये भोवरी करंट निर्माण करून त्यांनाही तापवतं. तारेवरचं इन्सुलेशन अशा उष्णतेत हळूहळू ठिसूळ होतं, शेवटी दोन वेढे एकमेकांना टेकतात आणि वाइंडिंग जळतं. काही ट्रान्सफॉर्मरांत वेढ्यांवरच्या कागदाखाली थर्मल फ्यूज लपवलेला असतो. तो आधी उडाला तर तेवढं नशीब.

घरघरीचं मूळही इथेच आहे. हा जादा करंट सबंध फेऱ्यात सारखा वाहत नाही. चुंबकत्व टोकाला पोचतं तेव्हाच, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ येतं त्या सुमाराला, त्याचे टोकदार सुळके उठतात. ५० हर्ट्झच्या गुळगुळीत लाटेऐवजी त्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटा मिसळलेल्या असतात. सुळक्यांच्या वेळी तारेच्या रोधात व्होल्टेज खर्ची पडतं, म्हणून सेकंडरीतली लाटही वेडीवाकडी निघते. बाहेर सांडलेलं चुंबकत्व अॅम्प्लिफायरच्या नाजूक सुरुवातीच्या तारांत शिरतं, आणि तेच पुढे मोठं होऊन स्पीकरमधून ऐकू येतं.

खात्री करायची तर व्हेरिअॅक लागतो. जाणत्या कारागिराकडून अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर सोडवून घ्यावा, सेकंडरी मोकळी ठेवावी, व्होल्टेज शून्यापासून सावकाश चढवावं आणि करंट बघत राहावं. वेढे शॉर्ट असतील तर अगदी कमी व्होल्टेजपासूनच करंट भरमसाट दिसतो. सॅच्युरेशन असेल तर बराच वेळ करंट नगण्य राहतो आणि एका ठिकाणानंतर एकदम उसळतो. आपल्या उदाहरणात ही उसळी शंभर व्होल्टच्या थोडं पुढे सुरू होईल. सिरीज दिव्याने हा फरक कळत नाही, कारण दिवा दोन्ही दोषांत पेटतो.

उपाय त्या मानाने सोपा आहे. १२० ला ६० ने भागलं की २ येतात. ५० हर्ट्झवर तेच प्रमाण राखायचं तर व्होल्टेज १०० हवं. तेव्हा वाइंडिंगवाल्याकडून स्टेप-डाउनची सेकंडरी २४० ऐवजी २०० वेढ्यांची करून घ्या. गाभा पुन्हा १.४ टेस्लावर येईल आणि तापणं थांबेल. त्याची किंमत एवढीच की अॅम्प्लिफायरची कमाल ताकद सुमारे ७० टक्क्यांवर येईल. घरातल्या ऐकण्यात ते सहसा जाणवतही नाही. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरना हे काही लागू नाही: त्यांवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं असतं आणि ते वीज आधी डीसी करून घेतात. पण पाटीवर नुसतं ‘६० हर्ट्झ’ असेल आणि वस्तू उचलताना एका बाजूला जड लागत असेल, तर आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे असं समजा आणि तिला पूर्ण १२० व्होल्ट देऊ नका.