वडी सुकेपर्यंतचा हिशेब

बचत गटाने साबण करायचं ठरवलं की पहिली चर्चा सुगंधाची आणि वेष्टनाची होते. खरं तर आधी कॅलेंडर पाहावं. तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता एकत्र करून साच्यात ओतलेला साबण एक-दोन दिवसांत कापता येतो, पण वडी सुकून घट्ट व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गटाचा पैसा फळीवर अडकलेला असतो आणि ज्यांनी काम केलं त्या बायका मजुरीची वाट पाहत असतात.

एक घाणा धरू. खोबरेल 3 किलो, शेंगदाणा तेल 2 किलो. या मिश्रणाला सुमारे 780 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहावं, असा हा हिशेब आहे. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. खोबरेल महागलं म्हणून कुणी परस्पर शेंगदाणा तेल वाढवलं आणि सोडा तेवढाच ठेवला, तर जास्तीचा सोडा साबणात उरतो आणि कातडी जळते. म्हणून तेल बदलायचा निर्णय बैठकीतच व्हावा, आणि प्रत्येक घाण्याचा क्रमांक, तारीख, वजनं वहीत लिहावीत. तक्रार आली तर कुठला माल परत घ्यायचा, ते त्या वहीतूनच कळतं.

आता पैसे. समजा, तेल, सोडा, सुगंध आणि वेष्टन मिळून 1,800 रुपये लागले आणि शंभर ग्रॅमच्या 60 वड्या निघाल्या. म्हणजे वडीमागे 30 रुपये. साठला विकली की निम्मा नफा, असं वाटतं, कारण आपली मजुरी कुणी धरतच नाही. वजन करण्यापासून गुंडाळण्यापर्यंत चार दिवसांचं काम, रोज 300 रुपयांनी, म्हणजे वडीमागे आणखी 20. खर्च पन्नास झाला. जत्रेत साठ मिळाले तर दहा उरतात. पण दुकानदाराने वीस टक्के कमिशन घेतलं तर हाती 48 येतात, म्हणजे दोन रुपयांचा तोटा.

भांडणं इथेच लागतात. माझ्या मते मजुरी आणि नफा एकाच पिशवीत ठेवू नयेत. जी राबली तिला दिवसाप्रमाणे मजुरी, तीही काही रक्कम त्याच आठवड्यात, गटाच्या बचतीतून. उरलेली माल विकल्यावर. नफा मात्र आधी ठरलेल्या वाट्यानेच वाटावा, आणि त्यातला एक हिस्सा पुढच्या घाण्याच्या तेलासाठी बाजूला काढावा.

अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो. त्यामुळे विक्रीसाठी तो बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. साच्यांची खरेदी करण्याआधी त्या कार्यालयात जाऊन जागेच्या अटी विचारून घ्या.