गतिमान किंमत आकारणी

गतिमान किंमत आकारणी अथवा डायनॅमिक प्रायसिंग ही एकाच सेवेचा दर मागणी, उपलब्धता आणि वेळ यांनुसार वारंवार बदलत ठेवण्याची व्यापारी पद्धत आहे. विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली आणि ॲपवरून मागवलेली टॅक्सी ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत. या सेवांचा साठा करून ठेवता येत नाही. काल रात्री रिकामी राहिलेली खोली आज विकता येत नाही, आणि प्रवाशाविना गेलेला टॅक्सीचालकाचा अर्धा तासही परत मिळत नाही. मूळ तत्त्व समान असले तरी टॅक्सीचे भाडे त्या क्षणीच्या तुटवड्यावर ठरते, तर हॉटेलचा दर पुढे येणाऱ्या मागणीच्या अंदाजावर ठरतो. म्हणून ग्राहकाने साधावयाची वेळही दोन्हीकडे परस्परविरुद्ध असते. टॅक्सीसाठी बहुधा थोडे थांबणे हिताचे, तर गर्दीच्या दिवसाच्या खोलीसाठी लवकर आरक्षण करणे हिताचे ठरते.

== उगम ==

या पद्धतीची गणिती बैठक विमान व्यवसायात घातली गेली. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवूड यांनी १९७२ मध्ये स्वस्त तिकिटांची विक्री नेमकी कोठे थांबवावी याचा एक साधा नियम मांडला. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवल्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. पुढे मॅरियटसारख्या हॉटेलसमूहांनी ती उचलली. ॲपवरील टॅक्सीसेवांनी २०१० च्या दशकात तिला मिनिटामिनिटाचे रूप दिले.

== ॲपवरील टॅक्सीचे भाडे ==

ॲप शहराचे लहान लहान विभाग पाडते. उबर यासाठी षट्कोनी विभागांची जाळी वापरते. प्रत्येक विभागात किती जण गाडी मागत आहेत आणि जवळपास किती चालक मोकळे आहेत, याची मोजणी सतत चालू असते. मागणी मोकळ्या गाड्यांपेक्षा वाढली की नेहमीचे भाडे एका गुणकाने वाढवले जाते. पूर्वी हा गुणक पडद्यावर स्वतंत्रपणे दिसत असे. आता बहुधा एकच अंतिम रक्कम दाखवली जाते. त्या रकमेत अंतर, वाहतुकीमुळे लागणारा अंदाजित वेळ आणि गुणक हे सारे मिसळलेले असते. त्यामुळे दिसणारे भाडे महाग आहे की नाही, हे ओळखण्यास नेहमीच्या प्रवासाचे शांत वेळेतील भाडे ठाऊक असावे लागते. दुपारी दोन-तीन वाजता एकदा ॲप उघडून ते पाहून ठेवल्यास तुलनेला आधार मिळतो.

दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातून नाटक सुटल्याचा प्रसंग कल्पावा. शेकडो प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडतात आणि त्यांतील अनेक जण फाटकापाशी उभे राहून गाडी मागवतात. एरवी ज्या प्रवासाला २०० रुपये पडतात, तेथे २८० रुपये दिसू लागतात. हा तुटवडा थोड्या वेळाचा असतो. काही प्रेक्षक बसने जातात, काही स्थानकाकडे चालू लागतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत गर्दी पांगते. अशा वेळी चहा घेऊन पुन्हा भाडे पाहिले, तर ते उतरलेले आढळण्याची शक्यता बरीच असते. दुसरा मार्ग दोन-तीन चौक पुढे चालत जाण्याचा. तेथे वेगळा विभाग लागू होऊ शकतो, आणि गाडीला नाट्यगृहासमोरच्या कोंडीत शिरावे लागत नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उबरच्या भाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी गुणक दर पाच मिनिटांनी बदलत असे आणि भाडेवाढीचे पुष्कळसे प्रसंग अल्पजीवी ठरत, असे त्यांना आढळले. काही वेळा शेजारच्या विभागात चालत गेल्याने भाडे कमी होत असल्याचेही त्यांनी दाखवले.

मात्र तुटवडा कशामुळे झाला आहे हे पाहिल्याशिवाय थांबू नये. मुसळधार पावसात लोकल गाड्या खोळंबल्या असतील, तर दर मिनिटाला नवे प्रवासी रस्त्यावर येतात आणि अडकलेल्या गाड्या लवकर मोकळ्या होत नाहीत. तेव्हा वीस मिनिटांनी भाडे तेवढेच किंवा अधिकही असू शकते. भाड्याबरोबर गाडी पोहोचण्यास लागणारा वेळही पाहावा. दोन्ही आकडे सलग दोन-तीन वेळा वाढत गेले, तर तुटवडा लांबणारा आहे असे समजावे. ज्याला रात्रीची रेल्वेगाडी गाठायची आहे, त्याच्यासाठी थांबण्याचा सल्ला तसाही निरुपयोगी असतो. त्याने आधीच वेळ हाताशी ठेवून निघणे किंवा काळीपिवळी टॅक्सी पाहणे बरे.

वाढीव भाड्यामुळे अधिक चालक रस्त्यावर येतात, असे समर्थन कंपन्या करतात. वरील अभ्यासात मात्र अल्प काळापुरता मागणी घटण्याचा परिणाम ठळक आणि गाड्या वाढण्याचा परिणाम लहान दिसला. म्हणजे वाढीव भाडे प्रथम काही प्रवाशांना रांगेतून बाहेर काढते. तरीही ही व्यवस्था पूर्णपणे निरर्थक म्हणता येत नाही. १ जानेवारी २०१५ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये बिघाडामुळे उबरची भाडेवाढ सुमारे २६ मिनिटे बंद पडली होती. तेव्हा गाडीची वाट पाहण्याचा काळ वाढला आणि पूर्ण होणाऱ्या मागण्यांचे प्रमाण घसरले. ही नोंद करणाऱ्या अभ्यासकांत उबरचे कर्मचारीही होते, हे ध्यानात ठेवावे.

भारतात या वाढीला कायदेशीर मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ती मूळ भाड्याच्या दीडपटीवर ठेवली होती. जुलै २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत नेण्यात आली. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मात्र दीडपटीचीच मर्यादा असून सवलतही मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. म्हणजे वरील उदाहरणात मूळ भाडे २०० रुपये धरल्यास आकारणी १५० ते ३०० रुपयांच्या दरम्यान राहावयास हवी.

== हॉटेलच्या खोलीचा दर ==

हॉटेलात खोल्यांची संख्या ठरलेली असते आणि ग्राहक काही महिन्यांपासून ते त्याच दिवसापर्यंत केव्हाही येतात. सहलीला जाणारी कुटुंबे लवकर आरक्षण करतात व दराकडे बारकाईने पाहतात. उशिरा येणाऱ्यास पर्याय थोडे असल्याने तो अधिक दर देतो. स्वस्तात सर्व खोल्या आधीच विकल्या, तर हा दुसरा ग्राहक हातचा जातो. त्याची वाट पाहत खोल्या राखल्या आणि तो आलाच नाही, तर त्या रिकाम्या राहतात. लिटलवूड यांचा नियम याच पेचाचे उत्तर देतो.

उदाहरणादाखल महाबळेश्वरमधील ४० खोल्यांचे हॉटेल आणि दिवाळीच्या सुट्टीतील शनिवार घ्यावा. लवकर येणाऱ्यांसाठी दर ४,००० रुपये आहे. शेवटच्या आठवड्यात येणारे ८,००० रुपये देण्यास तयार असतात. स्वस्त दर महाग दराच्या निम्मा असल्याने, एखादी खोली पुढे महाग दराने जाण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर ती राखून ठेवणे हॉटेलच्या फायद्याचे असते. मागील वर्षांच्या नोंदींवरून असे दिसले की उशिरा येणारा चौदावा ग्राहक साधारण दोन वर्षांतून एकदा येतो आणि पंधरावा त्याहून क्वचित. तेव्हा १४ खोल्या राखल्या जातात आणि ४,००० रुपयांना केवळ २६ विकल्या जातात. सत्ताविसाव्या ग्राहकाला ८,००० रुपये दिसतात, मग तो तीन महिने आधी आला असला तरी. त्या वेळी हॉटेलात १४ खोल्या मोकळ्या असतात. खोली रिकामी असूनही दर का चढला, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. प्रत्यक्षात दरांच्या दोनच नव्हे, अनेक पायऱ्या असतात आणि अंदाज रोज सुधारला जातो.

याच हिशोबातून दर उतरण्याचे कारणही कळते. दिवस जवळ आला आणि अपेक्षित ग्राहक फिरकले नाहीत, तर खोली महाग विकली जाण्याची शक्यता घटते व स्वस्त दर पुन्हा खुला होतो. पावसाळ्यातील मंगळवारी हे घडण्याचा संभव अधिक, कारण तेव्हा रिकाम्या खोलीपेक्षा साफसफाई, धुलाई व दलाली भागवून उरणारी कोणतीही रक्कम हॉटेलला चालते. दिवाळीत, नाताळात किंवा गावातील मोठ्या लग्नतिथीला अखेरच्या क्षणीच्या स्वस्ताईवर विसंबणे मात्र जोखमीचे आहे. आठवड्याची लयही हॉटेलनुसार बदलते. सहलीच्या ठिकाणी शुक्रवार-शनिवार महाग असतात. हिंजवडीसारख्या कार्यालयीन भागात सोमवार ते गुरुवार मागणी अधिक असते आणि शनिवार-रविवार दर उतरू शकतो.

यावरून एक व्यवहार्य रीत निघते. गर्दीच्या तारखेसाठी मोफत रद्द करता येणारी खोली लवकर आरक्षित करावी आणि रद्द करण्याची मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी दर पुन्हा पाहावा. तो उतरला असल्यास प्रथम नवे आरक्षण करून मगच जुने रद्द करावे. हा क्रम उलटा केल्यास मधल्या काळात खोली जाऊ शकते. पैसे परत न मिळणारा दर स्वस्त दिसतो, पण त्याचाही हिशोब मांडता येतो. रद्द करता येणारी खोली ४,४०० रुपयांना आणि रद्द न होणारी ४,००० रुपयांना असेल, तर अकरांपैकी एकाहून अधिक वेळा बेत बदलणाऱ्या कुटुंबाला स्वस्त दरच महाग पडतो.

करामुळे दरातील चढ अधिक टोचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि हे १८ टक्के पूर्ण दरावर लागतात. वरील ४,००० रुपयांची खोली करासह ४,२०० रुपयांना पडते, तर ८,००० रुपयांची ९,४४० रुपयांना. दर दुप्पट झाला तरी देणे जवळजवळ सव्वादोनपट होते. ७,५०० रुपयांच्या खोलीचे ७,८७५ रुपये होतात आणि ७,६०० रुपयांच्या खोलीचे ८,९६८. शोधयादीत पुष्कळदा करपूर्व दर दिसतो, म्हणून तुलना शेवटच्या पानावरील रकमेचीच करावी.

== वैयक्तिक दराचा संशय ==

दोघांना एकाच वेळी निरनिराळे भाडे दिसले, की ॲप माणूस पाहून दर लावते असा संशय घेतला जातो. आयफोन व अँड्रॉइडवर वेगळे भाडे दिसत असल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला व उबरला नोटिसा बजावल्या. दोन्ही कंपन्यांनी असा भेद करत असल्याचे नाकारले. दोन फोनांची तुलना करताना चढण्याचे ठिकाण काही मीटरने वेगळे असणे, मध्ये काही मिनिटे गेलेली असणे किंवा एका खात्यावर सवलत लागू असणे यांमुळेही फरक पडतो. म्हणून एकाच जागी, एकाच क्षणी, सवलतीविना आणि अनेक वेळा केलेली तुलनाच काही सांगू शकते. हॉटेल आरक्षणाच्या संकेतस्थळांवर सदस्यांसाठी व मोबाइल ॲपसाठी वेगळे दर असतात. ते उघडपणे जाहीर केलेले असल्याने खाते उघडून आणि न उघडता, दोन्ही प्रकारे दर पाहावा.

“केवळ दोनच खोल्या शिल्लक” यासारखी सूचना त्या संकेतस्थळाला मिळालेल्या खोल्यांपुरती असू शकते. हॉटेलकडे स्वतःच्या आणखी खोल्या असू शकतात, आणि दूरध्वनी करून ते विचारता येते. घाई करायला लावणाऱ्या अशा सूचनांबाबत ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१९ मध्ये बुकिंग डॉट कॉम, एक्सपीडिया, अगोडा आदी संकेतस्थळांकडून मांडणी सुधारण्याची हमी घेतली होती.