मास्तर, दोन फुल एक हाफ

एसटीचे भाडे टप्प्याने आकारले जाते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. तालुक्याच्या स्टँडवरून पंचेचाळीस प्रवासी घेऊन निघालेल्या साध्या गाडीला पहिला टप्पा ओलांडायला नऊ-दहा मिनिटे लागतात. पुढच्या थांब्यावर नवे लोक चढण्याआधी वाहकाला आधीच्यांची तिकिटे देऊन मोकळे व्हायचे असते. भागाकार केला तर एका प्रवाशाच्या वाट्याला बारा सेकंद येतात. तेवढ्यात गाव विचारायचे, सवलत कोणती ते पाहायचे, ओळखपत्र तपासायचे, तिकीट काढायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे. म्हणजे ‘हाफ’ आता निम्म्या गाडीचा झाला आणि तपासायच्या गोष्टी वाढल्या.

या बारा सेकंदांत नमस्काराला वेगळी जागा नसते, म्हणून तो मागणीतच बसवला जातो. “मास्तर, दोन फुल एक हाफ, कराड” असे म्हणणारा प्रवासी वेगळे अभिवादन करत नाही. ‘मास्तर’ या एका शब्दात ते होऊन जाते. कंडक्टरला मास्तर म्हणण्याची रीत एसटीत मुरलेली आहे. गाडीतली शिस्त आणि हिशेब त्याच्या हाती असल्याने शाळेतला शब्द त्याला चिकटला असावा. हाच प्रवासी “ओ, कराड द्या” म्हणाला तरी तिकीट तेच मिळते आणि तेवढ्याच पैशांत मिळते. फरक पडतो तो सुट्ट्यांचा प्रश्न आला की.

समजा, भाडे पस्तीस रुपये आहे आणि प्रवाशाने पाचशेची नोट पुढे केली. सकाळची पहिली फेरी आहे, वाहकाच्या पिशवीत सुटे जेमतेम आहेत. तो तिकिटाच्या मागे ४६५ असा आकडा लिहून देतो आणि पुढे सरकतो. इथून पुढे व्यवहार विश्वासावर चालतो. प्रवाशाला धास्ती असते की उतरताना गर्दीत पैसे राहतील. वाहकाची धास्ती वेगळी असते. ड्युटी संपल्यावर आगारात रोकड विकलेल्या तिकिटांशी ताडून पाहतात. कमी पडले तर ते त्याच्या खिशातून जातात आणि वाटेत तपासणी झाली तेव्हा पिशवीत जास्त निघाले तर त्याचाही जाब द्यावा लागतो. चढताना “काय मास्तर, आज गर्दी दिसतेय” एवढे बोललेला माणूस त्याच्या लक्षात राहतो. चार थांब्यांनंतर सुटे जमले की वाहक स्वतःच त्याला शोधत मागे येतो. न बोललेल्यालाही पैसे मिळतातच, पण त्याला उतरण्याच्या घाईत दारातून मागावे लागतात आणि तिथे आवाज चढतो. नेहमीच्या वादांमध्ये पैसे बुडवल्याचे वाद थोडे असतात, विसरल्याचे अधिक, आणि माणूस ओळखीचा झाला की विसर कमी पडतो.

मराठी शहरगावांतले अभिवादन समजून घ्यायचे तर ‘नमस्कार’ हा शब्द शोधून फारसे हाती लागत नाही. स्टँडवर, रिक्षाथांब्यावर, मंडईत तो क्वचित ऐकू येतो. तिथे काम चालते ते हाकेवर: दादा, मामा, काका, मावशी, ताई, अण्णा, चाचा. विदर्भात भाऊ पुरतो, कोल्हापुरात समवयस्काला भावा म्हटले की झाले, गोव्यात गिऱ्हाइकाला पात्रांव अशी पोर्तुगीज मुळाची हाक मिळते. हाकेनंतर एखादा प्रश्न येतो: “झाला का चहा?”, “आज उशीर?” याचे उत्तर कोणाला हवे नसते. चहा झाला नसेल तरी “झाला की” म्हणायचे असते. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा बोलण्याचा वेगळा प्रकार मानला होता. माहिती देणे हे त्याचे काम नसते. समोरचा माणूस आपल्या लेखी आहे एवढे ते कळवते.

याच्या उलट बाजूला वस्तूच्या नावाने मारलेली हाक असते. “ए रिक्षा!”, “ओ भाजी!”, “ए केळी!” यात बोलावले जाते ते वाहनाला किंवा मालाला, आणि माणूस तिच्या मागून येतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते, ऐकणाऱ्याला मात्र दिवसातून पन्नास वेळा ते ऐकायचे असते.

हाक नात्याची असली तरी खरा भाव क्रियापदात कळतो. “अहो दादा, थांबा” आणि “ए दादा, थांब” यांत नाते एकच असून अंतर बरेच आहे. मराठीत तू आणि तुम्ही यांतून निवड केल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, त्यामुळे इथे तटस्थ राहण्याची सोय नाही. चाळिशीच्या गिऱ्हाइकाने साठीच्या हातगाडीवाल्याला ‘तू’ म्हटले आणि शेजारच्या सोनाराला ‘तुम्ही’, तर तिथे वयाचा हिशेब राहिलेला नसतो, धंद्याचा झालेला असतो. नात्याच्या हाकाही चुकतात. तिशीच्या बाईला भाजीवाल्याने ‘काकू’ म्हटले की ती पुढच्या गाडीकडे वळते. ‘भैया’ हा शब्द मुळात भाऊच आहे, पण मुंबई-पुण्यात तो हाकेपेक्षा ‘तू इथला नाहीस’ अशी खूण म्हणून अनेकदा वापरला जातो. त्याच माणसाला ‘दादा’ म्हटले की ती खूण पुसली जाते.

पहिला नमस्कार कोणी करायचा, या प्रश्नाला इथे जुना आणि कडवट इतिहास आहे. गावगाड्यात अभिवादनही जातीने वाटलेले होते. रामराम बरोबरीच्यांत चाले. महाराने मात्र वाकून ‘जोहार’ घालायचा, आणि तोही आधी त्यानेच. चोखामेळ्याच्या अभंगांत हा जोहार आढळतो. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने तो टाकून ‘जय भीम’ स्वीकारला. कामठीचे बाबू हरदास यांच्याकडे त्याचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’ म्हटले की उत्तरही ‘जय भीम’ असेच येते, त्यात खालचा-वरचा उरत नाही. सेवा घेणाऱ्याने सेवा देणाऱ्याला आधी बोलण्यातला अर्थ या पार्श्वभूमीवर दिसतो. खालच्याने आधी बोलायचे ही जुनी उतरंड त्यात उलटी होते. रिक्षावाल्याच्या काचेवर ‘जय भीम’, ‘माउली’ किंवा ‘७८६’ लिहिलेले असते, आणि काही प्रवासी ते वाचून त्याच शब्दाने सुरुवात करतात. ती सुरुवात सहसा वाया जात नाही.

रिक्षात क्रम महत्त्वाचा ठरतो. मीटरवर चालणाऱ्या शहरात थेट आत बसून “स्टेशन” म्हणणे हा हुकूम वाटतो, बाहेर उभे राहून “दादा, स्टेशनला येणार का?” असे विचारले की नाही म्हणायची वाट मोकळी राहते. जवळचे भाडे नाकारणे नियमात बसत नाही हे दोघांनाही माहीत असते, आणि तरी प्रश्न विचारला जातो. बहुतेक वेळा याच प्रश्नाला होकार मिळतो. मात्र गोड हाकेचा हत्यारासारखा वापर चालकांना लगेच ओळखू येतो. ठरलेल्या भाड्यातून दहा रुपये कमी करण्यासाठी उतरताना पहिल्यांदा उच्चारलेला ‘दादा’ त्यांना सवयीचा असतो. बसताना जो नव्हता तो उतरताना आला की तो कशासाठी आला आहे ते कळते.

विक्रेत्यांच्या बाबतीत सकाळ वेगळी असते. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीचे पैसे विक्रेता कपाळाला किंवा तराजूला लावतो आणि त्या गिऱ्हाइकाने नुसता भाव विचारून निघून जाणे अशुभ धरले जाते. म्हणून सकाळी मंडईत जाणारे जुने लोक आधी “भवानी झाली का?” असे विचारतात. हा प्रश्न अभिवादनही असतो आणि सूचनाही: झाली नसेल तर घासाघीस करणार नाही, किंवा घ्यायचे नसेल तर भाव विचारणार नाही. विक्रेतीही त्याला जागते आणि भवानीला भाव थोडा सैल सोडते. ओळख मुरली की तिच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. “आज नका घेऊ मेथी, पावसात भिजलीय” हे वाक्य अनोळखी गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत नाही. दोन दिवस न दिसलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची चौकशी शेजाऱ्यांच्याही आधी दूधवाला किंवा भाजीवाली करते, हेही याच ओळखीचे फळ.

निरोपाच्या वेळी मराठी माणूस ‘धन्यवाद’ म्हणायला अवघडतो. तो शब्द सभेतला वाटतो, आणि ज्याचे पैसे दिले त्याचे आभार कशाला, असाही एक विचार असतो. त्याची जागा ‘येतो’ किंवा ‘चला, येते मामा’ घेते. ‘जातो’ म्हणायचे नाही, कारण त्यात परत न येण्याचा सूर लागतो. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही प्रवाशांना शटल गाडीच्या चालकाला अभिवादन करायला, आभार मानायला आणि शुभेच्छा द्यायला सांगितले, काहींना न बोलता उतरायला. बोललेल्यांची मनःस्थिती उतरल्यानंतर अधिक प्रसन्न आढळली. मोजला गेला होता तो प्रवाशांचा त्या क्षणापुरता आनंद. चालकाला रोजच्या शेकडो माणसांतून काय मिळते, याचे उत्तर त्या प्रयोगातून मिळत नाही.

अलीकडे या बोलण्याची काही कामे यंत्रांनी घेतली आहेत. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षात पहिला शब्द चार आकडी ओटीपी असतो. गंमत म्हणजे चालकाचे नाव आधीच पडद्यावर दिसत असते आणि तरी ते उच्चारले जात नाही. पूर्वी नाव माहीत नसताना ‘दादा’ म्हटले जाई. हातगाडीवर क्यूआर कोड आला, रक्कम मिळाल्याची घोषणा डबीतून होते, आणि सुट्ट्यांमुळे होणारी चार वाक्ये गेली. काही विक्रेते यावर खूश आहेत, कारण त्या चार वाक्यांत भांडणेही होती. एसटीतही मोबाइलवरून तिकिटाचे पैसे देता येतात, आणि तिथे ४६५ चा आकडा लिहायची पाळी येत नाही. घाट लागला आणि नेटवर्क गेले की मात्र पैसे अडकतात, वाहक यंत्र उंच धरून उभा राहतो, मागचे प्रवासी चुळबुळ करतात. अशा वेळी मागच्या सीटवरून कोणी तरी म्हणते, “राहू द्या मास्तर, माझ्याकडे आहेत सुटे.”