‘तुम्ही आमच्याकडे टिकाल का?’

मुलाखत छान झालेली असते. कामाचे प्रश्न संपतात, चहा येतो आणि समोरचा माणूस थोडं हसून म्हणतो, “तुमचा अनुभव आमच्या पोस्टपेक्षा बराच जास्त आहे हो.” उमेदवाराला हे कौतुक वाटतं. दोन आठवड्यांनी नकार येतो, तोही कारण न देता. नकार त्या वाक्यातच होता, आणि त्याला उत्तर द्यायची वेळ मुलाखतीनंतरचे एक-दोन दिवस होती.

या शंकेमागे मालकाचा सरळ हिशोब असतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन शहरात 1996 मध्ये रॉबर्ट जॉर्डन यांनी पोलीस भरतीची बुद्धिचाचणी दिली. त्यांना 33 गुण मिळाले. पोलीस खातं मुलाखतीला बोलवत होतं ते 20 ते 27 गुणांच्या उमेदवारांना. जास्त हुशार माणूस या कामाला कंटाळेल आणि प्रशिक्षणावर खर्च करून झाल्यावर सोडून जाईल, असं खात्याचं म्हणणं होतं. जॉर्डन कोर्टात गेले आणि 2000 मध्ये अपिलातही हरले. धोरण शहाणपणाचं असो वा नसो, त्यामागे तर्क आहे एवढं कोर्टाला पुरलं. आपल्याकडेही भरती करणाऱ्याच्या मनात हाच तर्क असतो. त्यात प्लेसमेंट कन्सल्टंटला दिलेली फी असते, नव्या माणसाला हाताखाली घेऊन शिकवण्यात गेलेले महिने असतात.

मग शिक्षण किंवा अनुभव लपवावा का? पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. एका तरुणाने आपली पदवी अर्जात दाखवलीच नाही. निवड झाल्यावर ते उघड झालं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. खासगी नोकरीतही जुन्या कंपनीकडे विचारपूस होतेच. लपवलेला हुद्दा सापडला की शंका खरी ठरते. म्हणून ती उघडपणे हाताळावी, आणि त्याची जागा म्हणजे मुलाखतीनंतर पाठवायचा मेल.

नमुन्यादाखल एक उमेदवार घेऊ. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ते क्वालिटी हेड आहेत, सतरा वर्षांचा अनुभव. अर्ज केलाय कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी. हाताखाली माणसं नाहीत, पगार जवळजवळ निम्मा, आणि ज्यांना रिपोर्ट करायचं ते वर्क्स मॅनेजर वयाने सात वर्षांनी लहान. मुलाखतीत त्यांनीच विचारलं होतं, “साहेब, तुम्ही आमच्याकडे टिकाल का?”

आपले उमेदवार आधी बहुतेक जण लिहितात तसाच मेल लिहितात: पैसा माझ्यासाठी महत्त्वाचा नाही, पद महत्त्वाचं नाही, मला फक्त शिकायचं आहे, चाकणला फार ताण आहे. यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण एकाचाही उपयोग नाही. पैसा महत्त्वाचा नाही हे कोणी खरं मानत नाही. आणि ताण नको म्हणणारा माणूस फाउंड्रीत येतोय हे वाचून वर्क्स मॅनेजरला पहिल्यांदा आठवते ती महिनाअखेरीची डिस्पॅचची घाई. जुन्या जागेतून सुटायचंय हे कळलं, याच जागेवर का यायचंय हे कळलं नाही. माझ्या मते असे मेल फुकट जातात ते इथेच.

दुसरा मेल साधारण असा होईल. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच.

“नमस्कार सर, काल वेळ दिलात, शॉप दाखवलंत, त्याबद्दल आभार. मी टिकेन का, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे आणि काल माझं उत्तर अपुरं राहिलं. गेली सहा वर्षं माझा दिवस ऑडिट, कस्टमर मीटिंग आणि प्रेझेंटेशनमध्ये जातो. मला येतं आणि आवडतं ते काम मोल्डिंग लाइनवरचं आहे. मागच्या वर्षी आमच्या एका सप्लायरच्या फाउंड्रीत ब्लोहोलमुळे रिजेक्शन वाढलं, तेव्हा मी स्वतः मागून घेऊन दोन महिने तिथे बसलो. सँडमधला ओलावा आणि पर्मिएबिलिटी रोज शिफ्टप्रमाणे नोंदवली, आणि रिजेक्शन 9 टक्क्यांवरून 4 वर आलं. तुमच्या हाउसिंगच्या कास्टिंगमध्ये तुम्ही जी अडचण सांगितलीत, ती मला याच जातीची वाटते. पगाराचा आकडा मला आधीपासून माहीत आहे. पुण्याच्या घराचं कर्ज फिटलंय, कोल्हापुरात आमचं घर आहे, आणि या आकड्यात आमचं भागतं हे घरी बसून मांडून पाहिलंय. लाइनवरचा निर्णय तुमचा असेल. माझं मत मी आकड्यांसह तुमच्यापुढे ठेवीन. किमान तीन वर्षं याच कामात राहायचं, अशा विचाराने मी अर्ज केला आहे. माझे सध्याचे प्लांट हेड माझ्याबद्दल बोलायला तयार आहेत.”

या मेलचं वजन ‘मागून घेऊन’ या दोन शब्दांत आहे. कमी हुद्द्याचं काम आवडतं असं कोणीही म्हणू शकतो. मोठ्या हुद्द्यावर असताना, कोणी सांगितलं नसताना ते काम आपणहून केलं, हे मात्र पडताळून पाहता येतं. अशी एक तरी घटना आठवत नसेल, तर मेल लिहिण्याआधी स्वतःलाच विचारावं की हे काम खरंच हवंय, की सध्याचं फक्त नकोय.

पगाराबद्दल मोघम लिहू नये. कारण घरचं असलं तरी एका ओळीत संपवावं. आईवडिलांचं आजारपण, मुलांची शाळा यांची लांबण लावली की दया येते, खात्री पटत नाही. वयाने लहान वरिष्ठाचा मुद्दा तर नाजूकच. ‘मला लहान साहेबाचं काही वाटत नाही’ असं लिहिलं की वाटतं हेच कळतं. त्यापेक्षा निर्णय कोणाचा आणि आपलं काम कोणतं हे लिहावं. आणि ‘लवकरच मी मोठी जबाबदारी घेऊ शकेन’ हे उत्साहाचं वाक्य काढून टाकावं, कारण ते वाचणाऱ्याला स्वतःची खुर्ची दिसते.

मेल मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याने शंका काढली त्यालाच जावा आणि एचआरला प्रत जावी. शंका कोणी काढलीच नसेल तर ती आपण उकरून काढू नये, साधे आभार पुरेत. मेल पोचला की नाही हे पुढच्या प्रश्नांवरून कळतं. नोटीस पिरियड किती, सॅलरी स्लिप पाठवा, एकदा मालकांना भेटा, अशी विचारणा आली तर हिशोब बदललाय. नुसतं ‘कळवतो’ आलं तर आठवड्याने एकदा आठवण करावी आणि थांबावं.

काही ठिकाणी कितीही चांगला मेल चालत नाही. पगाराची रचना हुद्द्याला बांधलेली असते, किंवा पुढच्या पाच वर्षांत घडवता येईल असा पंचविशीतला मुलगाच त्यांना हवा असतो. उलट छोट्या कारखान्यात, जिथे मालक स्वतः शॉपवर फिरतो आणि रिजेक्शनचा आकडा त्याला रोज दिसतो, तिथे असा मेल वाचला जाण्याची शक्यता जास्त. आपल्या उमेदवारांनी फाउंड्रीला होकार देण्याआधी त्या वर्क्स मॅनेजरना एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी: सँडच्या चाचण्या कधी, किती करायच्या हे ठरवायची मोकळीक मिळेल का? हातातल्या कामात निर्णय घेण्याची मुभा असेल, तर जास्त अनुभवाचा माणूस खालच्या जागेवरही रमतो. ती नसेल, तर वर्क्स मॅनेजरची शंका बरोबर होती, आणि ते मुलाखतीच्या टप्प्यावरच कळलेलं दोघांनाही स्वस्त पडतं.